हर्नियाच्या ऑपरेशनआधी: रुग्ण आणि घरच्यांसाठी

ऑपरेशन सकाळी 9 वाजता आहे. 7 वाजता दाखल व्हा.

उपास
आदल्या रात्री हलकं जेवण 9 पर्यंत आटपा. 12 नंतर खाणं, दूध, चहा काहीही नको. इंदुरात सकाळ पोह्यांशिवाय होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी एक घासही नको. दुधाचा अर्धा कप चहासुद्धा जेवणच धरला जातो. साधं पाणी 6:30 पर्यंत थोडं थोडं चालेल. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ही सक्ती. चुकून काही खाल्लं तर लपवू नका. कोणी रागावणार नाही, वेळ बदलू.

औषधं
सगळ्या गोळ्या, काढे आणि आयुर्वेदिक औषधंसुद्धा पिशवीत घालून तपासणीला आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, चालूही ठेवू नका, आधी विचारा. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. इन्सुलिन किती आणि बीपीची कोणती गोळी घ्यायची, ते भूलतज्ज्ञ लिहून देतील. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा.

ताप, खोकला, जुलाब किंवा ऑपरेशनच्या जागी फोड आला, तर आदल्या दिवशीच कळवा.

थांबू नका
गाठ कडक होऊन आत जाईना, खूप दुखू लागली, उलट्या झाल्या, तर तारखेची वाट न पाहता तडक या, मध्यरात्रीही. ऑपरेशननंतर धाप, छातीत दुखणं, न थांबणारा रक्तस्राव, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा लघवी अडकणं दिसलं तरी तसंच. गाडी नसेल तर 108 लावा.