रसवंतीचं गणित: पाच नोंदींवरून स्लोप, इंटरसेप्ट आणि R² (10 गुणांचं सोडवलेलं उदाहरण)

प्रश्न. सोलापूर जिल्ह्यातल्या एका रसवंतीवर मार्च ते मे या काळातल्या पाच दिवसांचं कमाल तापमान (x, अंश सेल्सिअस) आणि त्या दिवशी विकले गेलेले उसाच्या रसाचे ग्लास (y) पुढीलप्रमाणे आहेत.

| x | 33 | 35 | 36 | 39 | 42 |
|---|---|---|---|---|---|
| y | 112 | 138 | 136 | 162 | 202 |

(अ) न्यूनतम वर्ग पद्धतीने y ची x वरील रिग्रेशन रेषा काढा. (5 गुण)
(आ) R² काढून त्याचा अर्थ सांगा. (3 गुण)
(इ) तापमान 40 अंश असताना किती ग्लास विकले जातील? इंटरसेप्टचा व्यावहारिक अर्थ लावता येईल का? (2 गुण)

उत्तर

आधी रेषेचं रूप लिहायचं: y = a + bx. यात b हा स्लोप आणि a हा इंटरसेप्ट. ही एक ओळ अनेकजण गाळतात आणि पुढे a, b ची अदलाबदल करून बसतात. काही पुस्तकांत y = ax + b असतं, कॅल्क्युलेटरच्या REG मोडमध्ये y = A + Bx असतं. तपासणाऱ्याला तुमचा a कुठला हे पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे.

मग सरासरी.

x̄ = 185 / 5 = 37
ȳ = 750 / 5 = 150

दोन्ही सरासरी पूर्णांकात आल्या, म्हणजे पेपर काढणाऱ्याने विचलनाची पद्धत वापरा असं जवळजवळ सांगूनच ठेवलंय. सरासरी 37.4 अशी आली असती तर विचलनांचे वर्ग दशांशात गेले असते. तेव्हा Σxy, Σx² चं थेट सूत्र बरं पडतं. इथे मात्र आकडे लहान ठेवा.

| x | y | x − x̄ | y − ȳ | (x − x̄)² | (y − ȳ)² | (x − x̄)(y − ȳ) |
|---|---|---|---|---|---|---|
| 33 | 112 | −4 | −38 | 16 | 1444 | 152 |
| 35 | 138 | −2 | −12 | 4 | 144 | 24 |
| 36 | 136 | −1 | −14 | 1 | 196 | 14 |
| 39 | 162 | 2 | 12 | 4 | 144 | 24 |
| 42 | 202 | 5 | 52 | 25 | 2704 | 260 |
| 185 | 750 | 0 | 0 | 50 | 4632 | 474 |

तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची बेरीज शून्य आली का, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. शून्य आली नाही तर सरासरी चुकली किंवा एखादं चिन्ह चुकलं. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि पुढची पाच मिनिटं वाचवते.

(अ) स्लोप:

b = Σ(x − x̄)(y − ȳ) / Σ(x − x̄)² = 474 / 50 = 9.48

इंटरसेप्ट:

a = ȳ − b x̄ = 150 − (9.48 × 37) = 150 − 350.76 = −200.76

म्हणून रेषा: y = −200.76 + 9.48x

अर्थ एका वाक्यात लिहा: तापमान एक अंशाने वाढलं की विक्री सरासरी साडेनऊ ग्लासांनी वाढते. स्लोपला एकक असतं, इथे "ग्लास प्रति अंश". ते लिहिलं की उत्तर समजून सोडवलंय हे दिसतं.

इंटरसेप्ट ऋण आला म्हणून काहीजण घाबरून उणे खोडतात. खोडू नका. तपासायचं असेल तर रेषेत x = 37 घाला: 350.76 − 200.76 = 150, म्हणजे ȳ. न्यूनतम वर्गांची रेषा (x̄, ȳ) या बिंदूतून जातेच. जात नसेल तर a चुकला.

ज्यांना थेट सूत्र पाठ आहे त्यांच्यासाठी तेच उत्तर दुसऱ्या वाटेने. Σx² = 6895, Σxy = 28224, म्हणून

b = [5(28224) − (185)(750)] / [5(6895) − (185)²]
 = (141120 − 138750) / (34475 − 34225)
 = 2370 / 250 = 9.48

या वाटेत एक धोका आहे. 141120 आणि 138750 या दोन मोठ्या आकड्यांमधला फरक फक्त 2370 आहे. गुणाकारात एक अंक हुकला तरी उत्तर भलतंच येतं. Σx² आणि (Σx)² यांची गल्लत होते तीही इथेच. 6895 हा वर्गांची बेरीज आहे, 34225 हा बेरजेचा वर्ग.

(आ) R²:

R² = [Σ(x − x̄)(y − ȳ)]² / [Σ(x − x̄)² × Σ(y − ȳ)²]
 = 474² / (50 × 4632)
 = 224676 / 231600
 = 0.9701

अर्थ: ग्लासांच्या विक्रीत दिवसागणिक जो चढउतार दिसतो, त्यातला सुमारे 97 टक्के भाग तापमानाशी असलेल्या रेषीय संबंधातून समजावता येतो. उरलेला 3 टक्के बाकीच्या कारणांचा: बाजाराचा दिवस, लग्नाची तिथी, वीज गेलेली, काहीही.

"97 टक्के अंदाज बरोबर येतात" असं लिहिलं तर त्या अर्थाचा गुण जातो. आणि जायलाच हवा, कारण R² किती अंदाज बरोबर आले ते मोजत नाही. तो वर्गांच्या बेरजेतला वाटा मोजतो. हा वाटा डोळ्यांनी बघायचा असेल तर लांबची पद्धत करून बघा: प्रत्येक x रेषेत घालून येणारा अंदाज म्हणजे ŷ, आणि y − ŷ ही त्या अंदाजातली चूक. परीक्षेत ती मागितली असेल तरच लिहा, पण सरावात एकदा तरी हाताने करा.

| x | y | ŷ | y − ŷ | (y − ŷ)² |
|---|---|---|---|---|
| 33 | 112 | 112.08 | −0.08 | 0.0064 |
| 35 | 138 | 131.04 | 6.96 | 48.4416 |
| 36 | 136 | 140.52 | −4.52 | 20.4304 |
| 39 | 162 | 168.96 | −6.96 | 48.4416 |
| 42 | 202 | 197.40 | 4.60 | 21.1600 |
| | 750 | 750.00 | 0 | 138.48 |

R² = 1 − 138.48 / 4632 = 1 − 0.0299 = 0.9701

दोन ओळींत 6.96 आणि −6.96 आलंय. ते बघून वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं की सर, कॉपी करताना चुकलं का? नाही, तो निव्वळ योगायोग आहे. y − ŷ ची बेरीज शून्य येणं मात्र योगायोग नाही. इंटरसेप्ट असलेल्या रेषेत ती शून्यच येते, त्यामुळे हा रकाना स्वतःच स्वतःला तपासतो.

आता हे बघा. तापमान माहीतच नसतं तर आपण रोज "150 ग्लास" असाच अंदाज बांधला असता आणि त्या चुकांच्या वर्गांची बेरीज 4632 झाली असती. रेषा वापरल्यावर ती 138.48 वर आली. R² म्हणजे ही घट मूळ बेरजेच्या किती पट आहे तो आकडा. सूत्र विसरलात तरी एवढं लक्षात असेल तर सूत्र पुन्हा उभं करता येतं.

राउंडिंगचं इथेच सांगतो, कारण सगळ्यात जास्त गुण तिथे गळतात. b = 9.48 ऐवजी "9.5 धरू" म्हणून कुणी बाकीच्या वर्गांची बेरीज 4632 − 9.5 × 474 अशी काढली तर 129 येते, 138.48 नाही. R² मग 0.9722 होतो. पेपरमध्ये चार दशांश मागितले असतील तर तिसऱ्याच ठिकाणी उत्तर वेगळं. मधल्या पायऱ्यांत आकडे जसे आहेत तसे ठेवा, राउंडिंग शेवटच्या ओळीत करा.

(इ) x = 40 असताना:

ŷ = −200.76 + 9.48 × 40 = −200.76 + 379.20 = 178.44

म्हणजे सुमारे 178 ग्लास. ग्लास अर्धवट विकला जात नाही, तेव्हा पूर्णांकात लिहा, पण आधी 178.44 दाखवा.

इंटरसेप्टचा शब्दशः अर्थ "शून्य अंशाला उणे 201 ग्लास विकले जातील" असा होतो, आणि तो निरर्थक आहे. आपल्या नोंदी 33 ते 42 अंशांच्या आहेत. शून्य अंश त्यापासून कोसभर लांब आहे आणि तिथेही संबंध असाच सरळ रेषेत राहील याला काहीच आधार नाही. इथे a चं काम एवढंच की रेषा योग्य उंचीवर बसावी. y = 0 कधी होतं ते काढलं तर 200.76 / 9.48 म्हणजे साधारण 21.2 अंश येतं. डिसेंबरातही रसवंतीवर गिऱ्हाईक असतं, त्यामुळे तो आकडासुद्धा खरा मानू नका. याच कारणाने 46 अंशांचा अंदाज विचारला तर आकडा काढा, पण "हा अंदाज नोंदींच्या कक्षेबाहेरचा आहे" हे वाक्य जोडा.

गुणांच्या पलीकडची एक गोष्ट, पण ज्यांना हा विषय पुढे घ्यायचाय त्यांनी वाचाच. वरच्या तक्त्यातली शेवटची ओळ नीट बघा. 474 पैकी 260 त्या एकट्या 42 अंशांच्या दिवसाचे आहेत आणि 50 पैकी 25 सुद्धा त्याचेच. तो दिवस काढून उरलेल्या चार नोंदींवर गणित केलं तर b = 149 / 18.75 = 7.95 येतो. एक नोंद गेली आणि स्लोप दीडने खाली आला. पाच नोंदींच्या गणितात टोकाचा बिंदू रेषेला असा ओढतो. R² 0.97 आहे म्हणून रेषा पक्की, असं म्हणण्याआधी बिंदू आलेखावर टाकून बघा. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दाखवले होते. चारही संचांची रेषा जवळपास y = 3 + 0.5x आणि R² सुमारे 0.67. आलेख काढला तर एक संच साधा विखुरलेला, एक वक्र, एकात सरळ रेषेतले बिंदू आणि एक भरकटलेला, आणि चौथ्यात सगळा स्लोप एकाच बिंदूच्या जिवावर उभा.

घरी करण्यासाठी. पाच जुन्या स्कूटरचं वय (x, वर्षं) आणि विक्रीची किंमत (y, हजार रुपये):

| x | 2 | 4 | 5 | 6 | 8 |
|---|---|---|---|---|---|
| y | 61 | 56 | 50 | 45 | 38 |

रेषा, R² आणि सहसंबंध गुणांक r काढा. उत्तर: x̄ = 5, ȳ = 50, b = −80 / 20 = −4, a = 70, R² = 6400 / 6520 = 0.9816. इथे r काढताना वर्गमूळ 0.9908 येतं, पण स्लोप ऋण आहे, म्हणून r = −0.9908. R² मध्ये उणे दिसत नाही, त्यामुळे r चं चिन्ह नेहमी b कडून घ्यायचं.