वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी पगारावर उचल मिळण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
सातपूर औद्योगिक वसाहत, नाशिक 422007

विषय : वडिलांच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी पगारावर 90,000 रुपयांची उचल मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर म्हणून गेली 11 वर्षे कायम नोकरीत आहे. चांदवड तालुक्यात राहणारे माझे वडील (वय 68) यांना महिनाभर चालताना छातीत दुखत होते. शेतीच्या कामाचा शीण समजून त्यांनी ते आम्हाला सांगितलेच नाही. 9 जुलै रोजी नाशिकला आणून अँजिओग्राफी केली, तेव्हा हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीसह तीन ठिकाणी अडथळे आढळले. स्टेंट बसवणे त्यांच्या बाबतीत योग्य नाही, बायपासच करावी लागेल आणि ती लांबवू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले असून शस्त्रक्रियेसाठी गुरुवार, 24 जुलै ही तारीख दिली आहे.

रुग्णालयाने 2,90,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. माझी मुदत ठेव मोडून 85,000 रुपये उभे केले आहेत, पत्नीच्या दागिन्यांवर सोनेतारण कर्ज काढून 45,000 रुपये घेतले आहेत, आणि थोरल्या भावाने चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा चांगल्या भावाची वाट न पाहता विकून 70,000 रुपये दिले आहेत. अशा रीतीने 2,00,000 रुपये जमले असून 90,000 रुपये कमी पडत आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण रक्कम भरावी लागणार असल्याने ही उचल सोमवार, 21 जुलैपर्यंत मिळावी, अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडे येण्याआधी मी इतर मार्ग पडताळून पाहिले आहेत. माझा पगार 21,000 रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने कर्मचारी राज्य विमा योजना मला लागू नाही, आणि कंपनीच्या गट विम्यात पत्नी व मुलांचा समावेश असला तरी आईवडिलांचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्रांना भेटलो, परंतु वडिलांचे शिधापत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही. दुरुस्तीचा अर्ज तहसील कार्यालयात दिला आहे, पण ती होईपर्यंत शस्त्रक्रिया थांबवणे मला धोक्याचे वाटते. भविष्य निर्वाह निधीतून कुटुंबीयाच्या हृदयविकारासाठी आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद असल्याने तोही दावा दाखल केला आहे. मात्र घरासाठी पूर्वी रक्कम काढल्यामुळे त्यातून सुमारे 40,000 रुपयेच मिळू शकतील, आणि ते 24 तारखेपूर्वी खात्यात जमा होतीलच असे मी गृहीत धरू शकत नाही.

परतफेडीबाबत माझे म्हणणे असे आहे की, ऑगस्ट 2025 च्या पगारापासून दरमहा 7,500 रुपये याप्रमाणे 12 हप्त्यांत ही रक्कम माझ्या पगारातून कापून घ्यावी. सध्या माझ्या हातात 27,600 रुपये येतात. त्यातून 9,200 रुपये घराच्या कर्जाच्या हप्त्याला गेल्यावर आणि ही कपात झाल्यावर 10,900 रुपये उरतील. पत्नीचे शिवणकामाचे उत्पन्न धरून तेवढ्यात घर चालेल, असा हिशोब आम्ही दोघांनी बसून केला आहे, म्हणूनच पाळता येईल तेवढाच हप्ता लिहिला आहे. निर्वाह निधीची रक्कम मिळाली की ती लगेच कंपनीकडे भरून उचल कमी करीन. काही कारणाने मध्येच नोकरी सुटल्यास बाकी रक्कम माझ्या अंतिम पगारातून व शिल्लक रजेच्या मोबदल्यातून वळती करून घेण्यास माझी लेखी संमती आहे. माझ्या विभागातील दोन कायम सहकारी जामीन राहण्यास तयार आहेत.

2019 मध्ये मुलाच्या हाताच्या शस्त्रक्रियेसाठी मी 20,000 रुपयांची उचल घेतली होती आणि ठरल्यापेक्षा दोन महिने आधी फेडली होती. त्याची नोंद लेखा विभागात पाहता येईल.

वडिलांनी दीड एकर कोरडवाहू जमिनीवर आम्हा दोघा भावांना वाढवले आणि मला आयटीआयला घालताना घरातली बैलजोडी विकली. आज त्यांच्यासाठी पैसे वेळेवर उभे राहावेत, एवढीच माझी धडपड आहे. आपण या अर्जाचा सहानुभूतीने विचार करून निर्णय शुक्रवार, 18 जुलैपर्यंत कळवावा, म्हणजे रक्कम मंजूर न झाल्यास दुसरी सोय करण्यास मला दोन-तीन दिवस मिळतील. शस्त्रक्रियेच्या काळातील रजेचा अर्ज सुपरवायझर साहेबांकडे स्वतंत्रपणे दिला आहे.

आपला विश्वासू,
(सही)
सीएनसी ऑपरेटर, मशीन शॉप
टोकन क्रमांक 214

सोबत : अँजिओग्राफीचा अहवाल, डॉक्टरांचे शिफारसपत्र, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, निर्वाह निधीच्या दाव्याची पोच आणि दोन्ही जामीनदारांची संमतिपत्रे.