दहावी भूमितीच्या रेकॉर्डेड तासांबाबत प्रस्ताव

सातारा,
दि. ६ मे २०२६

आदरणीय जाधव सर,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या बॅचचे तास रेकॉर्ड करून मुलांना देता येतील का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. माझ्या घरच्या शिकवणीतल्या मुलांसाठी मी फोनवर थोडे व्हिडिओ केले आहेत. त्या अनुभवावरून हा प्रस्ताव देते आहे.

दीड तासाचा चालू वर्ग मागच्या बाकावर कॅमेरा ठेवून टिपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत बघत नाही. बहुतेक मुलांना संध्याकाळी आईचा फोन मिळतो, तोही तासाभरासाठी. त्यामुळे एका व्हिडिओत एकच प्रमेय किंवा एकाच प्रकारची गणितं आणि लांबी बारा मिनिटांच्या आसपास, असं ठेवू. गणित भाग २ च्या सातही प्रकरणांचे मिळून ४२ व्हिडिओ होतात. सगळ्यात जास्त उपयोग भौमितिक रचनांना होईल. फळ्यावरचा लाकडी कंपास मागच्या मुलांना नीट दिसतच नाही. कागदावर वरून कॅमेरा धरला की टोक कुठे टेकवलं, कंस किती घेतला, सगळं दिसतं. मुलं वर्गाला येईनाशी होतील ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून जो भाग वर्गात शिकवून झाला, त्याचाच व्हिडिओ द्यायचा.

साहित्यात कॅमेरा नको, माझा फोन पुरेसा आहे. खर्च आवाजावर करावा. चित्र थोडं अंधुक असलं तरी मुलं सांभाळून घेतात, आवाज घुमला की लगेच बंद करतात. कॉलरला लावायचा वायरलेस माइक अंदाजे २,५०० रुपये, वरून फोन धरणारा आडव्या दांड्याचा स्टँड २,०००, दोन एलईडी लाइट ३,००० आणि एक टीबीची हार्ड डिस्क ५,०००, एकूण १२,५००. ही खरेदी क्लासने करावी, वस्तू क्लासच्याच राहतील. पांढऱ्या बोर्डावर लाइटची तिरीप पडते, म्हणून मी कागद आणि हिरवा फळाच वापरीन.

रेकॉर्डिंग मे महिन्यातच उरकावं. हॉल रिकामा असतो. पंखे मात्र बंद ठेवावे लागतील, नाहीतर माइकमध्ये नुसती घरघर येते. म्हणून सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ मागते. त्यानंतर उकाडाही वाढतो आणि खाली भाजीवाल्यांच्या आरोळ्याही. एका सकाळी चार व्हिडिओ होतील.

खरा वेळ जातो तो एडिटिंगला, आणि तोच कोणी धरत नाही. बारा मिनिटांच्या व्हिडिओला दोन तास लागतात: चुकलेली वाक्यं कापणं, आवाज सारखा करणं, आकृतीवर नावं आणि मापं टाकणं, आणि शेवटी एकदा पूर्ण बघणं. ही शेवटची पायरी गाळली आणि कोन ABC च्या जागी कोन ACB बोललं गेलं, तर तेच मुलं पाठ करतील. ४२ व्हिडिओंचे ८४ तास होतात. आठवड्याला सहा तास देऊ शकते, म्हणजे गणपतीच्या आधी काम संपेल. ‘समरूपता’ १५ जूनला शाळा उघडेपर्यंत तयार असेल.

मानधन असं सुचवते: शिकवण्याचे प्रत्येक व्हिडिओला ६०० रुपये, म्हणजे २५,२००, एडिटिंगचे तासाला २०० प्रमाणे १६,८००. एकूण ४२,०००. त्यातले १०,००० सुरुवातीला द्यावेत, उरलेले प्रकरण पूर्ण होईल तसतसे, त्या त्या व्हिडिओंच्या प्रमाणात. टीडीएस लागू होत असल्यास नियमाप्रमाणे कापावा. तयार झालेल्या व्हिडिओत एखादी दुरुस्ती सांगितलीत तर वेगळे पैसे नाहीत. नव्याने रेकॉर्ड करायला सांगितलंत, तर तो नवा व्हिडिओ धरावा. माझीच चूक निघाली तर अर्थात फुकट.

एक मुद्दा आताच बोललेला बरा. ही रक्कम २०२६-२७ या वर्षाच्या सातारा बॅचपुरती आहे. पुढच्या वर्षी हेच व्हिडिओ वापरले किंवा कराडच्या शाखेत दिले, तर प्रत्येक वेळी मूळ रकमेच्या २५ टक्के, म्हणजे १०,५०० रुपये मिळावेत. लिंक अनलिस्टेड ठेवली तरी ती ग्रुपवरून फिरतेच. त्याचा दोष मी क्लासला देणार नाही, पण व्हिडिओ विकायचे झाले तर आधी मला विचारावं. घरच्या मुलांना नमुना म्हणून तीन व्हिडिओ दाखवण्याची परवानगीही हवी आहे.

सोबतच्या पेनड्राइव्हवर स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांच्या प्रमेयाचा एक व्हिडिओ दिला आहे. तो फोनवरच बघा, इअरफोन न लावता. शुक्रवारी सकाळची बॅच सुटल्यावर मी ऑफिसात थांबेन. आकड्यांत काही कमी-जास्त करायचं असेल तर तेव्हा बोलू. फक्त एडिटिंगचे तास कमी धरता येणार नाहीत.

आपली,
सुजाता पाटणकर
(भूमिती, दहावी)