मुद्रा आणि अभिनय: आजचा कार्यक्रम बघताना

नमस्कार, आज साताऱ्यात आमच्या वर्गातल्या मुली भरतनाट्यम सादर करतायत आणि तुमच्यातले बरेच जण हा नाच पहिल्यांदाच बघणार आहेत हे माहितीये, म्हणून हा कागद प्रत्येकाच्या हातात दिलाय. पडदा उघडायच्या आधी वाचून झाला तर उत्तम, कारण नंतर अंधारात वाचता येणार नाही आणि तेव्हा नजर स्टेजवरच हवी.

दरवेळी कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी येऊन विचारतं की ती अमुक मुद्रा केली तिचा अर्थ काय. त्याचं खरं उत्तर असं की नुसत्या मुद्रेला एक ठरलेला अर्थ नसतो. नंदिकेश्वरांच्या अभिनयदर्पणात एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्यात, आम्ही त्यांना हस्त म्हणतो, आणि प्रत्येक हस्त कुठेकुठे वापरायचा त्याची यादी दिलीये, तिला विनियोग म्हणतात, लहान मुली वर्गात ती श्लोकासारखी पाठ करतात. पहिलाच हस्त पताक घ्या, सगळी बोटं सरळ जुळवलेली आणि अंगठा जरा दुमडलेला, आणि त्याच्या यादीत ढग आहे, जंगल आहे, नदी, रात्र, वारा, चांदणं, झोपणं, नको म्हणणं, दार उघडणं सगळं आहे. मग ही नदी की वारा हे कसं कळणार? हात कुठून कुठे गेला, गाण्यात कुठला शब्द चाललाय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिचे डोळे कुठे आहेत यावरून. त्याच ग्रंथातली ओळ आहे, यतो हस्तस्ततो दृष्टिः, जिथे हात तिथे नजर, आणि पुढे नजर तिथे मन, मन तिथे भाव, भाव तिथे रस. तेव्हा हात बघाच पण हाताच्या मागे जाणारी नजर सोडू नका.

आणि काही वेळा हाताला काहीच अर्थ नसतो! सुरुवातीचं अलारिप्पू आणि त्यानंतरचं जतिस्वरम हे निव्वळ नृत्त आहे, म्हणजे ताल, रेषा, पायाचं काम. तिथे अलपद्म, कटकामुख असे सुंदर हस्त दिसतील पण ते गोष्ट सांगत नाहीयेत, नुसते बघायचे, अर्थ शोधत बसलात तर उगाच वाटेल की आपल्याला काही समजत नाहीये.

अभिनय म्हणजे फक्त चेहऱ्यावरचे हावभाव असं बऱ्याच जणांना वाटतं. अलारिप्पूच्या आधी मुली जो श्लोक म्हणतील, आङ्गिकं भुवनं यस्य, त्यात शंकराचं वर्णन करता करता अभिनयाचे चारही प्रकार येऊन जातात. आंगिक म्हणजे शरीराचा, मुद्रा याच्यातच आल्या, मान, भुवया, पायही आले. वाचिक म्हणजे शब्दांचा, तो आपल्याकडे गायिका सांभाळते. आहार्य म्हणजे साडी, दागिने, मेकअप, बोटांना लावलेला आलता, जो लावतातच यासाठी की शेवटच्या रांगेतूनही बोटं दिसावीत. आणि सात्त्विक, जो शिकवता येत नाही. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितलेत, अंगावर काटा येणं, घाम, थरथर, आवाज फुटणं, अश्रू वगैरे, हे आतून आले तरच येतात आणि आम्ही वर्षानुवर्षं बाकीच्या तिन्हींची मेहनत करतो ती या चौथ्यासाठी.

मध्ये वर्णम आहे, म्हणजे नृत्त आणि अभिनय दोन्ही असलेली मोठी रचना, भैरवी रागातलं मोहमान, तंजावरच्या चार भावांच्या परंपरेतलं, जवळजवळ अर्धा तास चालेल. आपण आज बघतोय तो कार्यक्रमाचा क्रम, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, त्याला जे रूप आलं ते याच चौघा भावांमुळे, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, आणि त्यांना आश्रय होता तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गादीवर बसले तिथून ही गोष्ट सुरू होते, त्यामुळे हा नाच आपला नाही असं निदान साताऱ्यात तरी कोणी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. वर्णमात एकच ओळ पुन्हापुन्हा गायली जाईल तेव्हा कंटाळू नका, प्रत्येक वेळी ती वेगळ्या हातांनी आणि वेगळ्या भावाने येते, एकदा विनवणी, एकदा तक्रार, एकदा रुसवा. नायिकेचा जीव तिरुवारूरच्या त्यागराजावर, म्हणजे शंकरावर, जडलाय आणि तो दाद देत नाहीये, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता माझ्या सगळ्यात जवळचा भाग. वर्णमनंतर ज्ञानेश्वर माऊलींची विराणी आहे, पैल तो गे काऊ कोकताहे. इथे स्टेजवर एकटीच मुलगी असेल, तिच्यासमोर कावळा नाही, दहीभात नाही, वाटी नाही, फक्त दोन हात. कावळ्यासाठी ताम्रचूड हस्त, मूठ वळून तर्जनी तेवढी आकड्यासारखी वाकवलेली, ग्रंथातल्या यादीत कावळा खरंच आहे. पण बघा, ती कावळा दाखवून लगेच हात सोडून देईल आणि नजरेनेच त्याला फांदीवर बसवेल, त्यानंतर कावळा तुम्हाला दिसायला हवा, नाही दिसला तर आमचा रियाज कमी पडला. मग त्याला लालूच, पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी भरवीन, तिथे पाचही बोटांची टोकं जुळलेला मुकुल येईल, तोच हस्त कमळाच्या कळीसाठी असतो आणि जेवण्यासाठीही.

आणि मग विठ्ठल. त्याच्यासाठी दोन्ही हात अर्धचंद्र करून कमरेवर, महाराष्ट्रात हे समजावून सांगायची गरजच नाही. पण अर्धचंद्राच्या विनियोगात कंबर आहे तशी चिंतासुद्धा आहे. आमच्या ताईंनी हे बसवताना असं केलंय की विठोबा होऊन कमरेवर ठेवलेला हात ती बोटं न बदलता हळूच गालापाशी नेते आणि तोच हात आता वाट बघणाऱ्या बाईची काळजी होतो, येतील ना, आजच येतील ना. हस्त तोच, देवाचा हात भक्ताचा झाला, आणि मध्ये बदलले ते फक्त डोळे. ही जागा पटकन जाते, चुकवू नका प्लीज, त्या वेळी मोबाईलवर शूटिंग करत असाल तर नक्की चुकेल.

अशा वाट बघणाऱ्या नायिकेला शास्त्रात विरहोत्कंठिता म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. तिचा राग आहे का, रडणं आहे का, की शकुनाने खुलून जाणं आहे, हे एकामागोमाग येणारे भाव म्हणजे संचारी, आणि त्या सगळ्यांच्या खाली एकच प्रेम सतत वाहत असतं ते स्थायी. माऊलींच्या शब्दांत शृंगार आणि भक्ती वेगळे काढता येत नाहीत, तिलाही ते वेगळे करायचे नाहीयेत.

शेवटी तिल्लाना, परत नृत्त, सगळ्या मुली एकत्र, इथे खुशाल ताल धरा. मंगलम झाल्यावर मुली मेकअप न उतरवता बाहेर लॉबीत येतील, एखादा हस्त परत बघायचा असेल तर त्यांनाच करून दाखवायला सांगा, त्यांना ते आवडतं, आणि लहान मुलांना बोटं वळवून शिकायचा असेल तर पताकापासून सुरुवात करून देतील.