मासिक लसीकरण अहवाल: ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

महोदय,
नियोजित 4 सत्रे झाली. पेंटा-1 देय 17, दिले 17. पेंटा-3 देय 19, दिले 16 (84%). एमआर-1 देय 18, दिले 14 (78%).

पेंटा-3 ची 3 बालके तिसऱ्या सत्रातून परत गेली. आईसपॅक नीट कंडिशन न होता कॅरियरमध्ये आले आणि त्याला टेकलेल्या पेंटाच्या व्हायल गोठल्या. व्हीव्हीएम ठीक होता, पण तो फक्त उष्णता दाखवतो, गोठणे नाही. त्या व्हायल वापरल्या नाहीत, वेगळ्या करून परत पाठवल्या. आईसपॅक हलवल्यावर आत पाणी खळखळल्याशिवाय कॅरियर भरू नये, अशी शीतसाखळी विभागाला सूचना व्हावी.

एमआरची 2 बालके वीटभट्टीवर स्थलांतरित. एमसीपी कार्ड सोबत दिले आहे, तिथल्या उपकेंद्राला कळवले. एकाला साधी सर्दी म्हणून आईने आणले नाही. सर्दीत लस देता येते, हे आशाताईंनी घरी जाऊन सांगितले. आई तयार आहे. चौथ्या घरी, आधीच्या लसीनंतर मांडीला गाठ आल्यामुळे, वडिलांचा नकार आहे. तिथे आपण स्वतः यावे, ही विनंती.

उरलेल्या 5 बालकांचे सत्र 6 नोव्हेंबरला, अंगणवाडीत.

आपली विश्वासू,
आरोग्यसेविका, उपकेंद्र