पाऊस सेल: शनिवारचे पुश मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणी. शीर्षक 30 अक्षरांत, मजकूर 80 च्या आत. काना-मात्राही अक्षर म्हणून मोजलेत.

6:45, सगळ्यांना
15 मिनिटांत पाऊस सेल!
छत्री, रेनकोट, गमबूट. 7 ते 9, दोनच तास. कार्टमध्ये आत्ताच टाकून ठेवा की.

7:00, सगळ्यांना
सेल सुरू! छत्री ₹249
तीन घडीची, वाऱ्यात न उलटणारी. कालपर्यंत ₹399. 9 वाजेपर्यंतच हा भाव.

7:20, रेनकोट बघून गेलेल्यांना
निळा रेनकोट आवडलाय न्हवं?
₹1,299 चा आज ₹799 ला. एक्सएलचे 11 च उरलेत.

(11 हा आकडा पाठवताना स्टॉक बघून बदला. खोटा आकडा दिसला की गिऱ्हाईक ॲपच काढून टाकतं.)

7:40, फक्त खानापूर
खानापूरकर, पाऊस थांबंना?
शेतात चिखल, रस्त्यात चिखल. गमबूट ₹449, नंबर 6 ते 10. डिलिव्हरी फुकट.

8:10, कार्ट अर्धवट सोडलेल्यांना
छत्री कार्टात भिजतीय!
टाकली, पण घेतली नाही. पैसे माल आल्यावर द्या, पण बटण आत्ता दाबा.

8:45, न घेतलेल्यांनाच
15 मिनिटं. मग ₹399.
छत्री परत जुन्या भावाला जाणार. उद्या भिजत खडेबाजारात शोधत फिरू नका.

रेनकोट आधीच संपले तर, 8:45 च्या ऐवजी
रेनकोट संपले, छत्र्या आहेत
₹249, 9 पर्यंत.

9:05, घेतलेल्यांना
ऑर्डर घेतली!
मंगळवारपर्यंत घरी येईल. तोवर जुनीच छत्री, काड्या सांभाळून.