ऑफ तासाचा पाठ : सातवी ब, गणित – विती, हात आणि पट्टी

ही फाईल हातात आली असेल तर मी आज शाळेत नाही आणि तुम्हाला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलंय. काहीही तयारी नको. झेरॉक्स नको, प्रोजेक्टर नको, पाठ्यपुस्तकही नको. खडू आणि मुलांच्या कंपासपेट्या पुरे. तुम्ही चित्रकलेचे असा, हिंदीचे असा किंवा पीटीचे, पाठ चालतो. उत्तरं सगळी खाली लिहिली आहेत.

वर्ग : पहिला मजला, जिन्यालगतची खोली. पट 46, एका बाकावर दोघं. तास 35 मिनिटांचा. हजेरी मॉनिटर घेते, तिच्याकडूनच गैरहजर किती ते विचारा. आमची खोली ऑफिसच्या बरोबर वर आहे. मागच्या वेळी ऑफ तासाला मुलांना ‘स्वाध्याय करा’ एवढंच सांगितलं होतं. विसाव्या मिनिटाला खालून शिपाई आला. म्हणून हा पाठ मुलांचे हात गुंतवून ठेवणारा आहे. आवाज होईल, पण मोजण्याचा होईल. बाक मात्र सरकवू देऊ नका.

सुरुवात (5 मिनिटं). फळ्यावर एवढंच लिहा : ‘तुमचा बाक किती विती लांब?’ वीत दाखवा : पंजा पूर्ण ताणायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. मोजण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, खोडायचा नाही. हे आग्रहाने सांगा, नाहीतर मोजून झाल्यावर सगळ्यांचे अंदाज अचूक निघतात!

मोजणी (8 मिनिटं). दोघांनी आळीपाळीने मोजायचं. शेवटची वीत पुरी बसत नसेल तर पाव, अर्धी की पाऊण ते डोळ्यांनी ठरवायचं. मग वेगवेगळ्या बाकांवरच्या दहा जणांची उत्तरं फळ्यावर घ्या, आधी तोंडी आणि शेजारी दशांशात :

सव्वासहा – 6.25
साडेसहा – 6.5
पावणेसात – 6.75
सव्वासात – 7.25

इथे थोडं थांबा. या वर्गात निम्मी मुलं ‘पावणेसात’ म्हणतात आणि 7.75 लिहितात, कारण ऐकताना ‘सात’ ऐकू येतं. रागावू नका. ‘पावणेसात वाजता सात वाजून गेलेले असतात का?’ एवढं विचारा. बरीच मुलं आपणहून खोडतात. साडेसातचं 7.30 करणारेही दोन-तीन आहेत. घड्याळाची सवय, दुसरं काही नाही. त्यांना अर्ध्या रुपयाचे किती पैसे ते विचारा.

आता प्रश्न : ‘बाक सारखे, मग उत्तरं वेगळी का?’ हात लहान-मोठे, हे लगेच येईल. तुमची स्वतःची वीत लावून दाखवा. मोठ्या माणसाचं उत्तर बहुधा सहाच्या आसपास येतं, तेव्हा मुलं खूश होतात. खिडकीलगतच्या शेवटच्या बाकावरची जोडी सगळ्यांपेक्षा कमी सांगेल. त्यांची चूक नाही. तो बाक जुन्या लॉटमधला, 107 सें.मी.चा आहे, बाकीचे 122 सें.मी. हे तुम्ही सांगू नका. कुणीतरी शोधून काढेल, आणि ज्याने काढलं त्याचं नाव मला लिहून ठेवा.

दोरीचं भांडण (7 मिनिटं). वर्गातली सर्वांत उंच आणि सर्वांत लहान चणीची अशी दोन मुलं पुढे बोलवा, पण ‘बुटका’ हा शब्द टाळा. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. पाच हात दोरी घ्यायची आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कुणाच्या हाताने मोजायची? भांडू द्या. मग फळ्यावर हिशेब : एकाचा हात 40 सें.मी., दुसऱ्याचा 45. पाच हातांचे 200 आणि 225. फरक 25 सें.मी. ‘नुकसान कुणाचं?’ याचं उत्तर मोजणारा कोण यावर ठरतं, इथपर्यंत मुलं आली की पट्टी काढायला सांगा.

पट्टीने पडताळा (10 मिनिटं). तोच बाक 15 सें.मी.च्या पट्टीने मोजायचा. उत्तर 122 च्या जवळ यायला हवं : आठ वेळा पट्टी आणि वर 2 सें.मी. कुणाचं 115 च्या आसपास आलं तर समजा, त्याने पट्टीची कडा कडेला लावली. प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते. दर वेळी ती कोरी जागा मोजणीतून निसटते आणि आठ वेळांत बरीच साठते. त्याला पट्टीची कडा नीट बघायला सांगा, कारण तुम्ही सांगू नका.

मग प्रत्येकाने स्वतःची वीत पट्टीवर मोजायची आणि तिला आपल्या वितींच्या संख्येने गुणायचं. उदाहरण : वीत 18 सें.मी., विती पावणेसात, म्हणजे 18 × 6.75 = 121.5. उत्तर 118 ते 126 मध्ये आलं तर शाबास म्हणा. फारच चुकलं तर बहुधा दशांश चिन्ह घसरलेलं असतं, किंवा मोजताना पंजा सैल पडलेला असतो. (जुन्या बाकावरच्या जोडीचं 107 च्या जवळ यायला हवं.)

लवकर संपवणाऱ्यांसाठी. चार-पाच जण बाराव्या मिनिटालाच ‘झालं’ म्हणतील. त्यांना हे द्या : एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. किती चौरस फूट? 40 गुंठ्यांचा एक एकर, तर एकर किती चौरस फूट? उत्तरं 1,089 आणि 43,560. आमच्या मुलांची घरं शेतीची, त्यामुळे गुंठा त्यांच्या तोंडात असतो. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा अगदी किंचित कमी.

तुम्ही इतिहासाचे असाल तर इथे दोन मिनिटं तुमची. 1 एप्रिल 1957 पासून आपल्याकडे रुपयाचे 100 नवे पैसे झाले. त्याआधी 16 आणे, आणि आण्याचे 4 पैसे, म्हणजे रुपयाचे 64. ‘सोळा आणे खरं’ कुठून आलं ते मुलांना विचारून बघा.

शेवटची 5 मिनिटं. वहीचं अर्धं पान फाडून प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या : माझा अंदाज, माझी मोजणी, आणि दोन्हींत फरक का पडला ते एका वाक्यात. नाव, हजेरी क्रमांक. तपासायचं काही नाही, ते मी करीन. चिठ्ठ्या गोळा करून माझ्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, किल्ली मॉनिटरकडे आहे.

गृहपाठ : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून या, धान्य पायलीने मोजायचे तेव्हा एका पायलीचे शेर किती? (चार.)

पाठ अर्ध्यावर राहिला तर जिथे थांबलात तिथे या कागदावर पेन्सिलने रेघ मारा. मी आले की तिथून पुढे घेईन.

– सातवी ब, गणिताच्या बाई